‘लास्ट ७ डेज’ पहाटे एक दिवस मागे, सकाळी आपोआप बरोबर : पॉवर बीआयमधली रोजची कटकट कशी सुटली

आधी लक्षण सांगतो, म्हणजे तुमचंही हेच दुखणं आहे का ते लगेच कळेल. रिपोर्टला रिलेटिव्ह डेट फिल्टर लावलाय, शेवटचे ७ दिवस, `Include today` ला टिक आहे, दिवसभर सगळं नीट चालतं, पण रात्रपाळीवाले रोज पहाटे सांगतात की आजचं काहीच दिसत नाहीये, चार्ट कालवरच थांबलाय. आपण साडेनऊला येऊन उघडतो तर आजचा बार समोर उभा. मग आपण म्हणतो "आता बघा, दिसतंय ना?" आणि ते म्हणतात "सर, आता दिसतंय, तेव्हा नव्हतं", आणि दोघांनाही वाटतं समोरच्याचंच काहीतरी चुकतंय. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तेच.

माझ्याकडे हे सपोर्ट तिकिटांच्या रिपोर्टवर झालं. साधा रिपोर्ट, इम्पोर्ट मोडमधला, रोज एकदाच पहाटे ५ वाजता रिफ्रेश, कारण ५:१० ला रात्रपाळी सकाळपाळीला काम सोपवते आणि तेव्हा मध्यरात्रीनंतर आलेली तिकिटं त्यांना बघायची असतात. म्हणजे ज्या वीस मिनिटांसाठी हा रिपोर्ट केलाय नेमका तेव्हाच तो चुकीचा, आणि बाकी दिवसभर, जेव्हा कोणी फारसं बघत नाही, तेव्हा बरोबर.

सगळ्यात आधी माझी समजूत अशी होती की रिफ्रेश होत नसणार. रिफ्रेश हिस्टरी उघडली तर रोज ५:०० ला सुरू, एक-दोन मिनिटांत पूर्ण, एरर काही नाही. सोर्सच्या टेबलातही आजची तिकिटं होती. म्हणजे डेटा आत आलेला होता, फक्त फिल्टर त्याला बाहेर ठेवत होता. इथे बऱ्याच जणांची गल्लत होते म्हणून सांगतो, "डेटा ताजा आहे का" आणि "फिल्टरची खिडकी पुढे सरकली का" हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि स्क्रीनवर दोन्हींचं उत्तर सारखंच दिसतं, शेवटचा बार गायब.

खिडकी तपासायची सगळ्यात सोपी जागा आपल्या डोळ्यासमोरच असते. फिल्टर पेनमधल्या फिल्टरऐवजी पानावर तात्पुरता एक स्लायसर ठेवा, त्याच तारखेच्या कॉलमवर, आणि प्रकार `Relative date` करा. त्या स्लायसरखाली बारीक अक्षरात तो नेमकी कुठून कुठपर्यंतची तारीख धरतोय ते लिहून येतं. मी रात्रपाळीच्या सुपरवायझरना सांगितलं की चार्टचं राहू दे, त्या बारीक ओळीचा फोटो काढून पाठवा. बुधवार १२ मार्च २०२५ ला पहाटे ५:१० ला आलेल्या फोटोत होतं ५ मार्च ते ११ मार्च. मी साडेनऊला बघितलं तर ६ मार्च ते १२ मार्च. रिफ्रेश मध्ये एकही झालेला नव्हता. म्हणजे खिडकी मध्येच कधीतरी स्वतःहून सरकली.

त्याच पहाटे त्यांना दर दहा मिनिटांनी पान रीलोड करून बघायलाही सांगितलं होतं. उत्तर आलं, ५:२० ला जुनं, ५:३० नंतर नवं. ५:३० म्हटल्यावर मला कळलं. आपलं घड्याळ यूटीसीपेक्षा साडेपाच तास पुढे आहे, म्हणजे आपल्याकडे ५:३० वाजतात तेव्हा यूटीसीत मध्यरात्र होते आणि तारीख बदलते. रिलेटिव्ह डेटचा फिल्टर आणि स्लायसर दोन्ही ‘आज’ ठरवताना नेहमी यूटीसीच बघतात, बघणारा कुठेही बसलेला असो. मॉडेलमधल्या तारखांना टाइम झोन नावाची गोष्टच चिकटलेली नसते, तिथे नुसती तारीख आणि वेळ असते, त्यामुळे ही तारीख कुठल्या गावच्या घड्याळाची हे फिल्टरला कळायला मार्गच नाही. तिकिटांवर १२ मार्च आपल्या घड्याळाने लिहिलाय, फिल्टर मात्र अजून ११ मार्चमध्ये बसलाय, आणि ‘आज’च्या पुढचं काही तो घेत नाही.

यूटीसीच्या मागे असलेल्या भागात हेच उलटं होतं. समजा घड्याळ यूटीसीच्या पाच तास मागे आहे, तर संध्याकाळी ७ वाजता फिल्टर उद्यात जातो, उजवीकडे रिकामा दिवस येतो आणि डावीकडचा सातवा दिवस गळून पडतो. तिथली तक्रार "आजचं दिसत नाही" अशी नसते, "संध्याकाळी एकूण आकडा अचानक कमी होतो" अशी असते. कारण तेच.

इथपर्यंत मी शहाण्यासारखा वागलो. पुढे मी जे केलं त्याने साधा अर्ध्या तासाचा प्रॉब्लेम पूर्ण दिवसाचा झाला, आणि हे बऱ्याच टीममध्ये झालेलं मी नंतर बघितलंय म्हणून सविस्तर लिहितोय.

मी ठरवलं की फिल्टर यूटीसी बघत असेल तर फिल्टरच नको, आपणच कॉलम करू. तोपर्यंत फिल्टर थेट तिकिटांच्या टेबलातल्या तारखेवर होता, आता वेगळं कॅलेंडर टेबल केलं आणि त्यात हा कॅल्क्युलेटेड कॉलम :

```
Last7 =
IF (
    'Calendar'[Date] > TODAY () - 7
        && 'Calendar'[Date] <= TODAY (),
    1, 0
)
```

पानाच्या फिल्टरमध्ये `Last7` बरोबर 1. डेस्कटॉपवर बघितलं, झकास. १२ तारखेलाच सकाळी ११ च्या सुमारास पब्लिश केलं, सर्व्हिसमध्येही ६ ते १२ मार्च दिसलं, सगळ्यांना मेल टाकला की झालं काम. गुरुवारी १३ तारखेला पहाटे मेसेज आला की पुन्हा तेच. आणि या वेळी साडेनऊला मी उघडलं तरी ६ ते १२ मार्चच होतं! दुपारीही तेच, संध्याकाळीही तेच. आधी निदान ५:३० नंतर तरी सुधारायचं, आता दिवसभर नाही. गंमत म्हणजे एकूण आकडा कालच्यापेक्षा थोडा वाढलेला होता (काल दुपारनंतरची तिकिटं आली म्हणून), त्यामुळे रिफ्रेश झालंय हे तर दिसत होतं आणि तरी खिडकी जागची हललेली नव्हती. शुक्रवारी १४ ला बघतो तर ७ ते १३ मार्च. म्हणजे सरकतेय, पण कायम एक दिवस मागून.

यात दोन गोष्टी एकात एक अडकलेल्या आहेत. पहिली, कॅल्क्युलेटेड कॉलम फक्त रिफ्रेशच्या वेळी मोजला जातो आणि मग तो आकडा म्हणून टेबलात साठवला जातो. `TODAY()` लिहिलंय म्हणून तो रिपोर्ट उघडताना ताजा होईल असं वाचणाऱ्याला वाटतं, पण तसं नाही, रिफ्रेशच्या क्षणी जो ‘आज’ होता तोच पुढच्या रिफ्रेशपर्यंत गोठून राहतो. दुसरी, सर्व्हिसमध्ये `TODAY()` यूटीसीची तारीख देतं आणि डेस्कटॉपवर आपल्या मशीनची. माझा रिफ्रेश ५:०० चा, म्हणजे यूटीसीत आदल्या दिवशीचे रात्रीचे ११:३०. त्या क्षणी सर्व्हिसचा ‘आज’ म्हणजे आपला ‘काल’. तो कालचा दिवस कॉलममध्ये गोठला आणि पुढचे चोवीस तास तिथेच राहिला.

मग पब्लिश केल्याच्या दिवशी बरोबर का दिसलं? कारण पब्लिश करताना डेस्कटॉपवर मोजलेला कॉलम डेटासकट वर जातो, आणि डेस्कटॉपवर तो माझ्या मशीनच्या घड्याळाने, १२ तारीख धरून मोजला गेला होता. पहिल्या शेड्यूल्ड रिफ्रेशने तो पुसून यूटीसीवाला लिहिला. म्हणून "मी दुरुस्त करून टाकतो, एक दिवस चालतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा बिघडतं" असं ज्यांचं रडगाणं आहे त्यांनी पहिल्यांदा फॉर्म्युल्यात `TODAY()` कुठे आहे ते शोधावं, बहुतेक वेळा कॅल्क्युलेटेड कॉलम किंवा कॅल्क्युलेटेड टेबलातच सापडेल.

शेड्यूल्ड रिफ्रेशच्या सेटिंगमध्ये टाइम झोन निवडायचा ड्रॉपडाउन असतो. मी तो आपला निवडलेला होता आणि माझी ठाम समजूत होती की मग सगळं आपल्या वेळेने चालणार. त्या ड्रॉपडाउनने फक्त रिफ्रेश किती वाजता सुरू होईल एवढंच ठरतं. `TODAY()` काय उत्तर देईल याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

आता अंदाज बांधणं बंद करून मी एक तपासणीचं पान केलं, आणि हे मी सगळ्यांना सुचवतो, दहा मिनिटांचं काम आहे. पानावर कुठलाही फिल्टर नाही, फक्त पाच कार्ड. त्यासाठी एक छोटं कॅल्क्युलेटेड टेबल, जे रिफ्रेशच्या क्षणी गोठतं (इथे गोठणं आपल्याला हवंच आहे), आणि चार मेजर, जे पान उघडलं की त्या क्षणी मोजले जातात :

```
RefreshStamp = ROW ( "RefreshedUtc", UTCNOW () )

Chk Utc   = UTCNOW ()
Chk Today = TODAY ()
Chk Local = UTCNOW () + TIME ( 5, 30, 0 )
Chk Last  = MAX ( Tickets[CreatedOn] )
```

`Chk Local` ला फॉरमॅट तारीख आणि वेळ असा द्या. शुक्रवारी १४ मार्चला पहाटे ५:१० ला या पानाचा फोटो मागवला. यूटीसी १३ मार्च २३:४०, `TODAY()` १३ मार्च, लोकल १४ मार्च ५:१०, रिफ्रेश १३ मार्च २३:३१ यूटीसी, आणि शेवटचं तिकीट १४ मार्च ४:५८. वाचायचं कसं ते सांगतो. शेवटचं तिकीट ४:५८ चं आहे म्हणजे डेटा आलाय, सोर्स आणि रिफ्रेश यांना दोष नाही. रिफ्रेशचा शिक्का २३:३१ यूटीसी, म्हणजे त्या क्षणी मोजलेला कुठलाही `TODAY()` १३ तारीखच देणार. आणि `TODAY()` व लोकल यांच्यात एका दिवसाचा फरक समोरच दिसतोय. शेवटचं तिकीटच जर कालचं निघालं असतं तर मी फिल्टरकडे बघितलंच नसतं, आधी रिफ्रेश आणि सोर्सची क्वेरी तपासली असती.

उपाय म्हणून पहिला विचार कोणाच्याही मनात येतो तो म्हणजे रिफ्रेश ६ वाजता न्या. तेव्हा यूटीसीतही तारीख बदललेली असते, कॉलम बरोबर मोजला जातो, एक अक्षरही बदलावं लागत नाही. जिथे लोक आठनंतरच रिपोर्ट उघडतात तिथे मी हेच करीन आणि विषय संपवीन. मला ५:१० ला हवा होता म्हणून ते चालणार नव्हतं. दुसरा विचार, कॉलममध्येच `TODAY()` ऐवजी `UTCNOW()` मध्ये साडेपाच तास मिळवून तारीख काढा. तेही चालतं, ५:०० च्या रिफ्रेशला बरोबर तारीख गोठते. पण गोठतेच ना, आणि त्यात एक भानगड आहे जी मला पटत नाही.

समजा रिफ्रेश फेल झालं. कॉलमवाल्या पद्धतीत कॉलमही जुना आणि डेटाही जुना, दोघं एकमेकांशी अगदी जुळलेले, त्यामुळे चार्टमध्ये सात भरलेले बार दिसत राहतात आणि बघणाऱ्याला शंकाही येत नाही की हे तीन दिवसांपूर्वीचे सात दिवस आहेत. लागोपाठ चार वेळा फेल झालं की सर्व्हिस शेड्यूल बंद करते, म्हणजे नंतर तो तसाच पडून राहतो. मेजरवाल्या पद्धतीत खिडकी रोज पुढे जाते आणि डेटा मागे राहतो, उजवीकडून बार एकेक करून कमी व्हायला लागतात, आणि कोणीतरी ओरडतंच. मला ओरडा चालेल, गुपचूप चुकीचा आकडा नको.

म्हणून खिडकी मेजरमध्ये टाकली. मेजर रिपोर्ट उघडताना, त्या क्षणी मोजला जातो, रिफ्रेशची वाट बघत नाही :

```
Tickets 7d =
VAR NowUtc = UTCNOW ()
VAR LocalToday = INT ( NowUtc + TIME ( 5, 30, 0 ) )
RETURN
    CALCULATE (
        [Tickets],
        KEEPFILTERS ( 'Calendar'[Date] > LocalToday - 7 ),
        KEEPFILTERS ( 'Calendar'[Date] <= LocalToday )
    )
```

`INT` वेळेचा भाग कापून नुसती तारीख ठेवतं. `KEEPFILTERS` विसरू नका, मी पहिल्यांदा विसरलो होतो आणि चार्टमधल्या प्रत्येक तारखेवर एकच आकडा, सात दिवसांची बेरीज, अशी सरळ भिंत उभी राहिली. तसं होतं कारण `CALCULATE` मधली साधी अट अक्षावरच्या तारखेचा फिल्टर काढून स्वतःचा लावते. `KEEPFILTERS` असलं की दोन्ही अटी एकत्र लागतात, कार्डावर सात दिवसांची बेरीज येते, चार्टवर त्या त्या दिवसाचा आकडा येतो आणि खिडकीबाहेरच्या तारखा रिकाम्या म्हणून दिसतच नाहीत. म्हणजे एकच मेजर दोन्हीकडे चालतो. आणि हो, पानावरचा `Last7` चा फिल्टर किंवा आधीचा रिलेटिव्ह डेट फिल्टर काढून टाका, नाहीतर दोन खिडक्या एकमेकींवर बसतात आणि दोन्हींत असलेले दिवसच तेवढे उरतात.

हे तपासायला पहाटे उठायची गरज नाही, मशीनचं घड्याळ बदलायच्या फंदातही पडू नका. `NowUtc` वेगळा ठेवलाय तो यासाठीच. त्या ओळीत तात्पुरतं हे लिहा :

```
VAR NowUtc = DATE ( 2025, 3, 11 ) + TIME ( 23, 40, 0 )
```

आणि चार्ट ६ ते १२ मार्च दाखवतो का बघा. मग १८:२९ टाका, ५ ते ११ यायला हवं, कारण आपल्याकडे अजून मध्यरात्र व्हायला एक मिनिट आहे. १८:३० टाका, ६ ते १२. हे तिन्ही जमलं की मूळ ओळ परत आणा. परत आणायला विसरलात तर खिडकी मार्चमध्येच कायमची बसेल, तेव्हा ते तेवढं बघा!

माझं डेस्कटॉपवर तिन्ही जमलं, १४ तारखेला दुपारी पब्लिश केलं, आणि शनिवारी १५ ला पहाटे मेसेज आला, "सर, अजून आजचं नाही". एवढं सगळं करूनही. पण या वेळी फोटो नीट बघितला तर फरक होता, बार सात नव्हते, सहा होते, ९ ते १४ मार्च. आधी नेहमी सात पूर्ण असायचे, फक्त एक दिवस मागचे. म्हणजे खिडकी बरोबर सरकली होती, ९ पासून सुरू होत होती, फक्त उजवीकडचा १५ तारखेचा खांब नव्हता. तपासणीच्या पानावर शेवटचं तिकीट १५ मार्चचंच होतं. मग गेलं कुठे?

कॅलेंडर टेबल. मी ते असं केलं होतं :

```
Calendar = CALENDAR ( DATE ( 2024, 1, 1 ), TODAY () )
```

हेही कॅल्क्युलेटेड टेबल, हेही ५:०० लाच मोजलं जाणार, आणि तेव्हा सर्व्हिसचा `TODAY()` १४ मार्च. कॅलेंडरमध्ये १५ तारखेची ओळच नव्हती. १५ ची तिकिटं मॉडेलमध्ये होती पण त्यांना जोडायला तारीख नसल्यामुळे ती रिकाम्या तारखेच्या खात्यात जाऊन पडली, आणि मेजरमधल्या अटीने रिकामी तारीख बाहेर काढली. ज्या चुकीसाठी मी कॉलम फेकून दिला तीच चूक शेजारच्या टेबलात बसलेली होती आणि मी तिच्याकडे बघितलंही नव्हतं. कॅलेंडरचा शेवट वर्षाच्या अखेरपर्यंत नेला :

```
Calendar = CALENDAR ( DATE ( 2024, 1, 1 ), DATE ( 2025, 12, 31 ) )
```

पुढच्या तारखा रिकाम्या राहतात त्याचं काही नाही, मेजर त्या दाखवतच नाही. पण वर्ष संपायच्या आत ही तारीख पुढे न्यावी लागेल, त्यापेक्षा शेवट `DATE ( YEAR ( UTCNOW () ) + 1, 12, 31 )` असा ठेवला तर दर वर्षी हात लावावा लागत नाही. रविवारी १६ तारखेला पहाटे ५:१० च्या फोटोत १० ते १६ मार्च, सात बार. तो फोटो मी मागवला नव्हता, त्यांनीच पाठवला.

तेव्हा बार मोजा, खरंच. सात बार पण एक दिवस मागे असेल तर खिडकीचं घड्याळ चुकतंय. खिडकी बरोबर सुरू होते पण उजवीकडे सहाच असतील तर डेटा किंवा कॅलेंडर कमी पडतंय, मग शेवटच्या तिकिटाच्या कार्डावरून दोघांतलं कोण ते कळतं. आणि सात बार असून रोज तेच सात, अजिबात हलतच नाहीत, तर ते तिसरंच प्रकरण आहे. तिथे बहुतेक वेळा स्लायसर `Relative date` नसून `Between` असतो आणि कोणीतरी सात दिवस हाताने निवडून ठेवलेले असतात. सर्व्हिस प्रत्येक माणसाची शेवटची निवड लक्षात ठेवते, म्हणून एकाच माणसाला जुनं दिसतं आणि शेजारच्याला बरोबर. वर `Reset` चं बटण असतं ते दाबलं की रिपोर्ट मूळ सेटिंगवर येतो. पण मूळ पब्लिश केलेल्या फाइलमध्येच `Between` असेल तर रीसेटने काय होणार, तो प्रकार बदलून पुन्हा पब्लिश करावा लागेल. बुकमार्कमध्ये तारखा पकडलेल्या असतील तर तिथेही तेच.

साडेपाच तास मी फॉर्म्युल्यात सरळ लिहून टाकलेत ते आपल्याकडे घड्याळ वर्षातून दोनदा मागेपुढे करत नाहीत म्हणून. जिथे करतात तिथे असा पक्का आकडा लिहिला तर अर्धं वर्ष खिडकी एक तास उशिरा किंवा लवकर सरकेल. तिथे छोटं टेबल ठेवा, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत किती तास, आणि मेजरने तो आकडा त्यातून उचलावा. पॉवर क्वेरीत हीच तारीख काढायची असेल तर `DateTime.LocalNow()` वर विसंबू नका, क्लाउडमध्ये ते ‘लोकल’ म्हणजे तिथल्या सर्व्हरचं लोकल, आपलं नाही. तिथे हे वापरा :

```
DateTime.Date (
    DateTimeZone.RemoveZone (
        DateTimeZone.SwitchZone ( DateTimeZone.UtcNow (), 5, 30 )
    )
)
```

पण लक्षात ठेवा की पॉवर क्वेरीतलं जे काही आहे तेही रिफ्रेशच्याच वेळी मोजलं जातं, म्हणजे गोठण्याचा प्रश्न तिथेही आहेच.

या सगळ्यात मी एक गोष्ट गमावली, ती म्हणजे बघणाऱ्याने स्वतः ७ चे ३० दिवस करायची सोय, जी रिलेटिव्ह स्लायसरमध्ये फुकट मिळते. आमच्याकडे सातच लागतात म्हणून चाललं. तुमच्याकडे लोक दिवस बदलत असतील आणि पहाटे कोणी बघत नसेल तर स्लायसर तसाच ठेवा आणि बाजूला एक ओळ लिहा की तारीख सकाळी ५:३० ला बदलते. उगाच सगळं मोडून मेजर लिहायला बसू नका.

राहता राहिली डॅशबोर्डवर पिन केलेली टाइल. रिपोर्ट दुरुस्त झाला तरी आमच्या मोठ्या स्क्रीनवर आठवडाभर जुनंच दिसत होतं, आणि ते का याचं उत्तर असं की टाइल पिन करताना जे फिल्टर आणि जो व्हिज्युअल होता त्याची ती प्रत असते, नंतर रिपोर्टमध्ये व्हिज्युअल बदलला तरी टाइल बदलत नाही. आमच्या टाइलमध्ये अजून `Last7` चाच फिल्टर होता. जुनी टाइल काढून नव्याने पिन करावी लागली. शिवाय टाइलला स्वतःचा कॅश असतो. इम्पोर्ट मॉडेल असेल तर डेटा रिफ्रेश झाला की सर्व्हिस तो नवा करते, आणि डायरेक्टक्वेरी किंवा लाइव्ह कनेक्शन असेल तर ठरलेल्या वेळाने, मुळात तासाला एकदा, सेटिंगमध्ये ते १५ मिनिटांपासून आठवड्यापर्यंत बदलता येतं. म्हणजे मेजर रिपोर्टमध्ये मध्यरात्री १२ ला सरकत असला तरी इम्पोर्टवाल्या टाइलने त्याच मिनिटाला सरकावं अशी अपेक्षा करू नका. आमची ५:०० च्या रिफ्रेशबरोबर सरकते, आणि स्क्रीनकडे बघायची वेळ ५:१० ची आहे, त्यामुळे मी तिला तशीच सोडली आहे.